पाळणा हलण्याआधी दीड मिनिट

बारशात पुरुषांना काम नसतं. मंडप, खुर्च्या, पेढे आणि गाडी लावायला जागा, एवढं झालं की त्यांनी भिंतीला टेकून उभं राहायचं आणि कुणी हाक मारली तर मोबाइलवर फोटो काढायचे. पाळण्याला हात लावणाऱ्या बायका, वरवंट्याला झबलं घालणाऱ्या बायका, बाळाला पाळण्याच्या खालून-वरून देणाऱ्या-घेणाऱ्या बायका, कानात नाव सांगणारी आत्या आणि तिच्या पाठीत धपाटे घालणाऱ्याही बायकाच. लग्नात, मुंजीत, वास्तुशांतीत गुरुजी म्हणतील तसं सगळं चालतं. बारशात गुरुजी असले तरी सकाळी नामकरणाचा विधी उरकून जातात आणि संध्याकाळचा खरा कार्यक्रम घरातली सर्वांत म्हातारी बाई चालवते.

त्यामुळे बाबांनी जेव्हा जाहीर केलं की बारशाला मी चार शब्द बोलणार, तेव्हा आईनं हातातली भाजी निवडणं न थांबवता विचारलं, "कधी? नेमकं कुठं बसवायचं ते?"

प्रश्न चेष्टेचा नव्हता. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी अशी रीत. पण ताईच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून दुसऱ्या वेळीही ताई कऱ्हाडला आमच्याकडेच आली. बारसं आमच्या दारात, म्हणजे यजमान बाबा. येणाऱ्यांचं स्वागत यजमानानं करायचं, हे अगदी बरोबर. अडचण एवढीच की बारशाच्या क्रमात मधे बोलायला फट नसते. एकदा ओटी भरली की वरवंटा, वरवंट्यानंतर बाळ, मग गोविंद-गोपाळ (मुलगी असली तरी आमच्याकडे गोविंद आणि गोपाळच), मग कानात कुर्रर्र, मग नाव. हे सगळं एका दमात होतं. आणि नाव जाहीर झाल्यावर तर कुणी देव प्रकट होऊन बोलायला लागला तरी ऐकू जाणार नाही. पाळणे म्हणणाऱ्या आज्यांचा सूर लागलेला असतो, घुगऱ्यांच्या पुड्या फिरत असतात, लहान मुलं पाळण्याच्या दोरीवर तुटून पडलेली असतात.

शेवटी आईनंच जागा काढून दिली. ताई बाळाला घेऊन पाटावर बसली, औक्षण झालं, की ओटीच्या आधी. सगळे जमलेले असतात आणि पाळणा अजून रिकामा असतो. "आणि बाळ दूध पिऊन पाऊण तास झालेला असला पाहिजे," ती म्हणाली. "लगेच बोललात तर उलटी काढेल, उशीर केलात तर भुकेनं रडेल. मधे काय तो वेळ तुमचा." आता पाच आठवड्यांचं बाळ घड्याळ लावून भुकेलं होत नाही. पण दोन नाती आणि दोन लेकी सांभाळलेल्या बाईशी या बाबतीत वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. ते एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यातली बरीच वर्षं त्यांनी खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारल्या आहेत. कऱ्हाडहून पाटणमार्गे चिपळूणला जाणारी गाडी कुठल्या फलाटाला लागली आहे, हे ते झोपेतही सांगू शकतील. आवाज खणखणीत. तरीही या चार शब्दांसाठी त्यांनी आठवडाभर आधी फूलस्केप कागद आणले आणि त्यावर चार पानं लिहिली.

ताई आणि मी प्रेक्षक. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. अकरा मिनिटं झाली, आणि चौथं पान अर्धं बाकी होतं.

पहिल्या पानावर घराणं होतं. गाव कोणतं, तिथून कोण कधी निघालं, विहीर कुणी बांधली. ताई म्हणाली, बाबा, ही माहिती तिच्या बाबांच्या घराण्याची नाही, आपल्या घराण्याची आहे, आणि समोर तिचे बाबा आणि आजोबा बसलेले असणार. मुलीकडच्यांनी आपली विहीर सांगितली की मुलाकडच्यांना आपला वाडा सांगावा लागतो. बाबांनी मुकाट्यानं पान बाजूला ठेवलं.

दुसऱ्या पानावर नावं. येणाऱ्या पाहुण्यांची, नात्यासकट, एकतीस. मला ती भागच बरा वाटला होता, माणसांना आपलं नाव ऐकायला आवडतं. पण बाबांनीच तो काढला. त्यांचं म्हणणं असं की नावं घ्यायला सुरुवात केली की थांबायची सोय नसते. तीस नावं घेतली आणि एक राहिलं, तर त्या एकाच्या डोक्यात बारसं तेवढंच राहतं. म्हणून एक तर सगळी, नाही तर कुणाचंच नाही. सगळी शक्य नाहीत. व्याही, पाहुणे, शेजारी, असे तीन ढीग पुरेत, ज्यानं त्यानं आपापल्या ढिगात बसावं.

तिसऱ्या पानावर खरी गोष्ट होती, आणि तिच्यासाठीच ती चार पानं लिहिली गेली होती, हे आम्हाला दोघींनाही ऐकताना कळलं.

बाळ झालं त्या दिवशी दवाखान्यात नात्यातल्या एक आजी आल्या होत्या. त्यांनी बाळाला बघितलं, हातावर नोट ठेवली, आणि म्हणाल्या, "दुसरीपण मुलगीच का? असू दे." बस्स. वाईट बोलल्या असं नाही. आवाज मायेचाच होता. पण 'असू दे' हे आपण काय ऐकल्यावर म्हणतो, आठवून बघा. कप फुटला, असू दे. दूध नासलं, असू दे. बाबा तेव्हा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. आणि आता तिसऱ्या पानावर त्या 'असू दे'ला उत्तर होतं. मुलगा-मुलगी समान, मुली कुठं कुठं पोचल्या, विमान चालवतात, सीमेवर उभ्या राहतात, माझ्या दोन मुलींनी मला कधी कमी पडू दिलं नाही, आणि शेवटी लेक म्हणजे लक्ष्मी. बाबांचा आवाज वाचताना चढत गेला होता. वाक्यं चांगली होती. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ताई बाळाला मांडीवर थोपटत होती. ती म्हणाली, "हे नको."

"का? खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण ही वकिली झाली. तिच्यावर काही आरोप आहे का? तुम्ही तिची बाजू मांडायला लागलात की समोरच्यांना वाटणार, काहीतरी बाजू मांडण्यासारखं आहे. जे दहा जण मनात काही न ठेवता आले असतील त्यांनाही आठवेल, अरे हो, दुसरीपण मुलगीच." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या आजींना उत्तर द्यायचं असेल तर फोन करून द्या. तिच्या बारशात नको. आणि लक्ष्मीपण नको. मुलगा झाल्यावर कुणी कुबेर आला म्हणत नाही."

बाबा बराच वेळ कागदाकडे बघत बसले. मला वाटलं ते चिडले. मग त्यांनी पेनानं त्या पानावर एक तिरकी रेघ मारली, तिकीट रद्द करताना मारतात तशी.

मी तेव्हापासून इतर बारशांमधलं, वाढदिवसांमधलं बोलणं कान देऊन ऐकते आहे, आणि मला ताईचं पटत चाललंय. बाळाच्या डोक्यावरून समोरच्या लोकांशी बोलणारे आशीर्वाद पुष्कळ असतात. 'आमच्या घरात मुलगी नकोशी नसते' हे वाक्य बाळासाठी नसतं. ते कुणाला तरी ऐकवायचं असतं, आणि बाळ नुसतं निमित्त. आशीर्वाद द्यायचा तर 'तू' म्हणून द्यावा लागतो. तिच्याकडे बघून. मग आपोआपच अर्धी वाक्यं गळून पडतात, कारण पाच आठवड्यांच्या जिवाकडे बघून 'समाजात आजही' अशी सुरुवात करता येत नाही.

चौथ्या पानावर ती मोठी झाल्यावर काय काय व्हावी, ते होतं. डॉक्टर, कलेक्टर, निदान बँकेत. ते मी हसून हसूनच रद्द करवून घेतलं. पण तिथंच मला आणखी एक घोटाळा सापडला. त्या पानभर बाबांनी बाळाचं नाव सात वेळा घेतलं होतं! अहो, नाव फोडायचा मान आत्याचा. ती बिचारी बंगळूरहून तेवढ्यासाठी येणार, कानात चार वेळा कुर्रर्र करणार, पाठीत धपाटे खाणार, आणि त्याच्या वीस मिनिटं आधी आजोबांनी नाव सांगून टाकलेलं! म्हणजे स्वागत बाळाचं, पण नाव घ्यायचं नाही. ज्या कार्यक्रमाचं नावच नाव ठेवणं आहे, त्यात बिननावाच्या माणसाशी बोलायचं. (इथेही मी तिचं नाव लिहीत नाहीये. इंटरनेटवर यायचं की नाही, ते तिनं मोठी झाल्यावर ठरवावं.)

"मग तिला म्हणू काय?" बाबांनी विचारलं. बाळ, छकुली, चिमणी, सगळं म्हणून झालं. शेवटी त्यांनाच सुचलं. ती पाहुणी आहे ना, मग पाहुणीबाई. पाहुण्याचं नाव माहीत नसलं तरी स्वागत करता येतं. स्टँडवर ते रोज तेच तर करत होते.

त्यानंतरचं सगळं बाबांनी एसटीच्या हिशेबानं केलं आणि तिथं आम्ही दोघी गप्प बसलो, कारण ते त्यांचं क्षेत्र. पहिला नियम, घोषणेचं पहिलं वाक्य कुणीही ऐकत नाही. लोकांचं लक्ष त्या वाक्यानं वेधलं जातं, म्हणून ते वाया जाण्यासाठीच ठेवायचं. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' यात माहिती काही नसते, ती पुढं असते. म्हणजे सुरुवातीला 'या, बसा' असलंच काहीतरी हवं, महत्त्वाचं नको. दुसरा नियम, एका घोषणेत एकच गाडी. दोन पुकारल्या की लोक दोन्ही चुकवतात. आशीर्वाद एकच द्यायचा. आणि तिसरा, गाडी सुटायची वेळ झाली की आवाज बंद. घोषणा करणाऱ्यामुळे गाडी थांबली, असं होता कामा नये.

माइक मात्र त्यांना हवा होता. मांडववाला स्पीकर लावणारच होता. आई म्हणाली, अजिबात नको. तान्ह्या बाळाला अचानक मोठा आवाज आला की ते दचकून दोन्ही हात फाकवतं आणि मग रडायला लागतं. सुरुवातीचे काही महिने सगळीच बाळं तसं करतात, त्यात त्यांचा भित्रेपणा नसतो. स्पीकरची एक कुईं झाली की बाळ, बाळाची आई आणि कार्यक्रम, तिन्ही हातचे गेले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा माइकशिवाय घोषणा करायची असं ठरलं. सराव गच्चीवर झाला. पलीकडच्या गच्चीवरचे काका दोन दिवस विचारत होते, कुठली गाडी सुटतेय?

बारसं रविवारी संध्याकाळी झालं. बारा दिवसांचं बारसं हल्ली आमच्याकडे कुणी बाराव्या दिवशी करत नाही. ताईचे टाके, जावयाची सुट्टी आणि आत्याचं तिकीट जुळेपर्यंत सव्वा महिना होत आलेला. ताई पाटावर बसली. थोरली भाची, वय वर्षं चार, परकर सावरत तिला चिकटून. व्याह्यांना पुढच्या खुर्च्या, ताईच्या सासूबाईंना पाय लांब करता येईल अशी बाजूची खुर्ची. त्या दवाखान्यातल्या आजी पाळण्याच्या अगदी जवळ, कारण पाळणे त्यांना सगळ्यांत जास्त येतात. औक्षण झालं. आईनं बाबांकडे बघून मान हलवली.

बाबांनी खिशातून कागद काढला, उघडला, आणि त्याकडे न बघता बोलले. माझ्या मोबाइलमध्ये आहे, म्हणून जसंच्या तसं देते.

"या मंडळी, बसा. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी गादीवर बसा. आज उभ्यानं प्रवास नाही.

आमच्या व्याहीमंडळींचं, पाहुण्यांचं, शेजाऱ्यांचं या घरात मनापासून स्वागत. आणि जिच्यासाठी आपण सगळे आलो, तिचं पहिल्यांदा.

पाहुणीबाई, आलात, फार बरं केलंत. आम्ही तुमची वाट बघत होतो. तुमच्या आईची बघितली होती तशी. तुमच्या मावशीची बघितली होती, तशीच.

तुमचं नाव आत्याच्या ताब्यात आहे. मी फोडणार नाही. पण ज्या दिवशी त्या नावाला तुम्ही पहिल्यांदा मान वळवून बघाल, त्या दिवशी या गल्लीत मी परत पेढे वाटीन.

आता आजोबाचा आशीर्वाद. औक्षवंत हो. पोटभर जेव, गाढ झोप, मोठ्यांदा हस. ताईशी दिवसभर भांड आणि रात्री तिच्याच पांघरुणात शीर. जाशील तिथं तुला बसायला जागा मिळू दे, आणि नाही मिळाली तर ती मागायचा आवाज मिळू दे.

ताईसाहेब, आजपासून तुम्हालाही बढती. अभिनंदन.

बस्स. घ्या वरवंटा. गाडी वेळेवर सुटली पाहिजे."

एक मिनिट आणि अठ्ठावीस सेकंद. मधे 'उभ्यानं प्रवास नाही'ला हशा झाला, त्यातले चार-पाच सेकंद त्यात धरलेत. आशीर्वादाच्या वेळी ते 'तुम्ही'वरून 'तू'वर आले, ते त्यांनी ठरवून केलं की आपोआप झालं, माहीत नाही. बाळ जागं होतं आणि पूर्ण वेळ पंख्याकडे बघत होतं. आजी हसल्या, म्हणाल्या, "बोलतो हो छान," आणि वरवंट्याचं टोपडं बांधायला घेतलं. त्यांना कुठलंही उत्तर मिळालं नव्हतं. त्यांनी त्या दिवशी सात पाळणे म्हटले, शेवटचा तर बाळाच्या नावाची ओळ जागच्या जागी जोडून.

मावशीचं वाक्य सरावात नव्हतं. मी सगळे खर्डे ऐकले आहेत, वेळ लावून. त्यात 'तुमच्या आईची बघितली होती तशी' एवढंच होतं.

आमच्या घरी ताईच्या बारशाचा अख्खा छत्तीस फोटोंचा रोल आहे. तिचं टोपडं, तिचा पाळणा, घुगऱ्यांचं पातेलंसुद्धा. माझ्या बारशाचा एक फोटो नाही. लहानपणी विचारलं की आई म्हणायची, कॅमेरा बिघडला होता. मोठी झाल्यावर मी विचारायचं बंद केलं, कारण हिशेब मलाही येतो. मी दुसरी. त्या वेळी घरात बाबांचे आई-वडील होते, बाबा डेपोत नवीन होते, आणि कोण कुणाला काय म्हणालं असेल ते मला कुणी सांगितलेलं नाही. चार बायका बोलावून नाव ठेवलं, एवढं माहीत आहे. तेव्हा यजमानानं स्वागताचे शब्द बोलायची पद्धत नव्हतीच म्हणा.

मी मोबाइल धरून उभी होते, त्यामुळे चित्रीकरण त्या वाक्याला थोडं हललं आहे. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते पाहुणीबाईंकडेच बघत होते. त्यानंतर आम्ही दोघांनी त्यावर काही बोललो नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांनी मला विचारलं, जिलबी पुरेल का, आणि मी म्हटलं, पुरेल.

नऊ-दहा दिवसांनी दीड महिन्याची लस द्यायला बाबा आणि मी ताईबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर बायका, रडणारी बाळं, आत टेबलाशी नर्सबाई. लसीकरणाच्या कार्डावर अजून नावाच्या जागी ताईचं नाव आणि पुढं 'यांचे बाळ' एवढंच होतं. नर्सबाईंनी पेन उघडलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव ठेवलं का?"

ताई सांगणार, तेवढ्यात बाबा पुढं झाले. दोन्ही हात मागे बांधले, घसा साफ केला, आणि बाळाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, स्पष्ट, शब्द सुटा करून पुकारलं. आणि सवयीनं, पुन्हा एकदा.